मातीतला जिवंत कर्ब : प्रस्तावना

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बापुढे 0.6 टक्के असा आकडा लिहिलेला असतो. त्या एका आकड्यात बरेच काही एकत्र आलेले असते. वर्षानुवर्षे मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला ह्युमस त्यात असतो, गेल्या हंगामातल्या धसकटांचा अर्धवट कुजलेला भुगा असतो, आणि जिवाणू व बुरशी यांच्या पेशींतला कर्बही असतो. डायक्रोमेटच्या फ्लास्कला यातले जिवंत काय आणि मेलेले काय हे कळत नाही. 2015 साली देशभर सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक मोजले जातात, पण त्यात जिवंत भागाचा स्वतंत्र रकाना नाही. हा भाग एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण 1 ते 5 टक्के, म्हणजे वजनाने अगदी किरकोळ असतो. तरीही शेणखताचे अमोनिया व नायट्रेटमध्ये रूपांतर होताना ते याच भागातून होते, आणि मशागत किंवा खतव्यवस्थापन बदलले की सगळ्यात आधी हलतो तोही हाच.

या जिवंत भागाला सूक्ष्मजीव जैवभार कर्ब म्हणतात. तो मोजण्याच्या अनेक पद्धतींपैकी क्लोरोफॉर्मची धुरी देऊन निष्कर्षण करण्याची पद्धत आज सर्वांत जास्त वापरली जाते. कृषी विद्यापीठांतल्या मृदाशास्त्राच्या प्रबंधांत तिच्यावर आधारलेला तक्ता नेहमी दिसतो. तक्त्यात आकडा असतो, पण तो कोणत्या मातीवर, कोणत्या ओलाव्यावर आणि कोणता गुणक धरून काढला याचा उल्लेख अनेकदा नसतो. हे पुस्तक त्या रिकाम्या जागेसाठी लिहिले आहे.

ही पद्धत एका जुन्या कोड्यातून जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये द्राक्षवेलींच्या मुळांवरील फायलोक्सेरा किडीसाठी जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडत. कीड तर मरेच, पण त्या जमिनीत पुढची पिके अपेक्षेपेक्षा जोमाने येत. विष दिलेल्या जमिनीची सुपीकता वाढावी, हे कोणाला उमगेना. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्ये एक उत्तर मांडले. विषाने प्रोटोझोआ मरतात, त्यांच्या तावडीतून सुटलेले जिवाणू वाढतात आणि नत्र मोकळा करतात, असे ते उत्तर होते. जर्मनीत श्टोर्मर यांनी त्याच सुमारास वेगळे आणि अधिक साधे स्पष्टीकरण दिले होते. विषाने मेलेल्या जीवांचीच शरीरे कुजतात आणि त्यातले अन्नद्रव्य पिकाला मिळते, असे त्यांचे म्हणणे. ते बरीच वर्षे मागे पडले.

डेव्हिड जेन्किन्सन यांनी रोथॅमस्टेडमध्येच हा धागा पुन्हा हाती घेतला. किरणोत्सारी कर्बाने खूण केलेल्या वनस्पती-अवशेषांवर काम करताना त्यांनी दाखवून दिले की धुरीनंतर मातीतून जो कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो, तो मुख्यतः मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरांतून येतो. मग प्रश्न उलटा करता आला. लोंढा मोजला, तर मेलेले किती होते याचा अंदाज बांधता येईल. 1976 मध्ये जेन्किन्सन आणि पाउल्सन यांनी या विचारावर धुरी-उबवण पद्धत उभी केली. मातीला धुरी द्यायची, क्लोरोफॉर्म काढून टाकायचे, थोडी ताजी माती मिसळून जिवाणूंची नवी लागण करायची, दहा दिवस बंद भांड्यात ठेवायचे आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा.

ती पद्धत तत्त्वाने भक्कम होती, पण तिची मर्यादा लवकरच दिसली. मेलेल्या पेशी खाण्याचे काम मातीतल्याच जीवांवर सोडलेले होते. फार आम्ल जमिनीत ते नीट खात नाहीत. नुकतेच शेणखत किंवा हिरवळीचे खत मिसळलेल्या जमिनीत ते पेशींबरोबर दुसरेही खातात. पाणी साचलेल्या भातखाचरात सगळा हिशोबच बदलतो. 1985 मध्ये ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी नत्रासाठी, आणि 1987 मध्ये व्हान्स, ब्रुक्स व जेन्किन्सन यांनी कर्बासाठी, उबवणीचा टप्पाच काढून टाकला. क्लोरोफॉर्मने पेशींची पटले फुटतात आणि आतले द्रव्य बाहेर येते. ते पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात सरळ काढून घ्यायचे आणि त्यातला कर्ब मोजायचा. दहा दिवसांचे काम दोन दिवसांवर आले, आणि आम्ल जमिनींचाही मार्ग मोकळा झाला.

याच काळात दुसऱ्या वाटाही निघाल्या. जर्मनीत अँडरसन आणि डोम्श यांनी 1978 मध्ये मातीला ग्लुकोज देऊन पहिल्या काही तासांतला श्वसनाचा वेग मोजला. जो ग्लुकोज खाऊन लगेच प्रतिसाद देतो तोच भाग यात मोजला जातो, म्हणून सुप्तावस्थेतल्या जीवांचा वाटा कमी पडू शकतो. एटीपी मोजणारी शाळा वेगळी, पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांवरून जिवाणू-बुरशीचे गट ओळखणारी वेगळी, आणि आता डीएनए मोजणारी वेगळी. नव्या पद्धती कोण आहे हे सांगतात. धुरीची पद्धत ते सांगत नाही, फक्त किती आहे ते सांगते. पोषणद्रव्यांचा हिशोब करणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लागते, म्हणून ती मागे पडलेली नाही.

पद्धत थोडक्यात अशी. शेतातून आणलेली ताजी माती न वाळवता 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि दिसतील तेवढी मुळे वेचतात. ओलावा तिच्या जलधारण क्षमतेच्या 40 ते 50 टक्क्यांवर आणून ती 25 अंश सेल्सिअसला सात ते दहा दिवस ठेवतात. चाळताना आणि हलवताना उडालेला गोंधळ तोवर शांत होतो. मग तिचे दोन सारखे भाग करतात. एक भाग काचेच्या चंचुपात्रात घालून डेसिकेटरमध्ये ठेवतात. डेसिकेटरच्या तळाशी ओला कागद, सोडालाइमची कुपी आणि उसळी रोखणारे खडे टाकलेले क्लोरोफॉर्म असते. निर्वात पंप लावून क्लोरोफॉर्म दोन मिनिटे खदखदू देतात, झडप बंद करतात आणि अंधारात 25 अंशाला 24 तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म काढून पंपाने सहा ते आठ वेळा हवा ओढून घेतात. दुसऱ्या, बिनधुरीच्या भागाचे निष्कर्षण धुरी सुरू होते त्याच वेळी करतात. दोन्हींना वजनाच्या चौपट 0.5 मोलर पोटॅशियम सल्फेट घालून अर्धा तास शेकरवर हलवतात आणि गाळतात.

हे सगळे धूर-कपाटातच करायचे असते, हे वेगळे सांगायला नको असे वाटेल. तरीही सांगतो, कारण क्लोरोफॉर्म विषारी आहे, आणि उजेडात व हवेत उघडे राहिले तर त्यातून फॉस्जीन तयार होतो.

क्लोरोफॉर्मबद्दल आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. बाजारात मिळणाऱ्या क्लोरोफॉर्ममध्ये ते टिकावे म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेले असते. इथेनॉल मातीत मागे राहते, सल्फेटमध्ये उतरते आणि कर्ब म्हणून मोजले जाते. ते फक्त धुरीच्या भागात असते, त्यामुळे जैवभार फुगतो. म्हणून इथेनॉल काढून शुद्ध केलेले, किंवा अमिलीनने स्थिर केलेले क्लोरोफॉर्म घ्यायचे. चूक झाली आहे की नाही हे ओळखायचा उपाय सोपा आहे. माती नसलेले एक रिकामे चंचुपात्र त्याच डेसिकेटरमध्ये ठेवून त्याचेही निष्कर्षण करावे. त्यात कर्ब सापडला तर तो सूक्ष्मजीवांचा नाही. भारी काळ्या जमिनीत मात्र एवढी खबरदारी पुरत नाही. तिच्यातली फुगणारी चिकणमाती क्लोरोफॉर्म धरून ठेवते आणि हवा ओढूनही ते पूर्ण सुटत नाही. उच्च तापमानाला जाळून कर्ब मोजणारे यंत्र त्याला सेंद्रिय कर्बच समजते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीवर काम करणाऱ्याने हवा ओढण्याची आवर्तने वाढवून, आकडा खाली येतो का हे एकदा तपासून पाहावे. तो येत असेल, तर आवर्तने अजून पुरेशी नाहीत.

आता एक हिशोब पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण भारी जमिनीत दिसतात तसेच आहेत. माती ज्वारी-गव्हाच्या शेतातली, सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के, ओलावा कोरड्या वजनाच्या 25 टक्के. 25 ग्रॅम कोरड्या मातीसाठी 31.25 ग्रॅम ओली माती घेतली. तिच्यातच 6.25 मिलिलिटर पाणी आहे. तिच्यात 100 मिलिलिटर सल्फेट घातले, म्हणजे एकूण द्रव 106.25 मिलिलिटर. गाळलेल्या द्रवाचे 8 मिलिलिटर घेऊन, त्यात 66.7 मिलिमोलर डायक्रोमेटचे 2 मिलिलिटर आणि आम्ल घालून अर्धा तास उकळले, आणि उरलेल्या डायक्रोमेटचे 33.3 मिलिमोलर फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन केले. या संहतीला ब्युरेटच्या एका मिलिलिटरचा फरक म्हणजे 100 मायक्रोग्रॅम कर्ब.

माती न घालता उकळलेल्या कोऱ्या नमुन्याला 23.6 मिलिलिटर लागले, बिनधुरीच्या नमुन्याला 22.5 आणि धुरीच्या नमुन्याला 20.9. बिनधुरीच्या 8 मिलिलिटरमध्ये 110 मायक्रोग्रॅम कर्ब, धुरीच्या तेवढ्याच द्रवात 270. 8 ने भागून, एकूण द्रवाने गुणून आणि 25 ने भागले की बिनधुरीचे 58 आणि धुरीचे 143 मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम कोरडी माती येते. फरक 85. हा धुरीने मोकळा झालेला कर्ब आहे, जैवभार नव्हे. पेशींतला बराच कर्ब भित्तिकांत अडकलेला असतो आणि सल्फेटमध्ये उतरत नाही. म्हणून फरकाला kEC या गुणकाने भागायचे:

```
सूक्ष्मजीव जैवभार कर्ब = (धुरीचा कर्ब - बिनधुरीचा कर्ब) / kEC
                        = 85 / 0.38 = 224 मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम
```

0.38 हा व्हान्स आणि सहकाऱ्यांचा, डायक्रोमेटने मोजलेल्या कर्बासाठीचा गुणक. 1990 मध्ये स्वयंचलित यंत्रासाठी 0.45 सुचवला गेला आणि पुढे योर्गेन्सन यांनी अनेक मातींचा आढावा घेऊन तोच मांडला. तोच 85 या नव्या गुणकाने भागला तर 189 येतात. मातीत काहीही न बदलता उत्तर सोळा टक्क्यांनी खाली आले. दोन प्रबंधांतले जैवभाराचे आकडे शेजारी ठेवताना गुणक पाहिला नाही, तर हा फरक व्यवस्थापनाचा परिणाम म्हणून सहज खपतो.

याच हिशोबात आणखी दोन गोष्टी दिसतात. मातीतले 6.25 मिलिलिटर पाणी विसरून 100 ने गुणले, तर 224 ऐवजी 211 येतात. भातखाचरातल्या ओल्याचिंब मातीत ही चूक कितीतरी मोठी होते. आणि ब्युरेट वाचताना एकाच नमुन्यात 0.1 मिलिलिटरची गफलत झाली, तर अंतिम उत्तर 14 मायक्रोग्रॅमने हलते. दोन उपचारांमध्ये 12 मायक्रोग्रॅमचा फरक आहे म्हणून निष्कर्ष काढणाऱ्याने आधी आपल्या पुनरावृत्तींमधला फरक पाहावा. जैवभार हा दोन मोजमापांची वजाबाकी असल्यामुळे दोन्हींतल्या चुका त्यात साचतात. वजा होणारा भाग जितका मोठा, तितके उत्तर डळमळीत. नुकतेच शेणखत किंवा जीवामृत घातलेल्या मातीचा बिनधुरीचा आकडाच चढतो आणि वजाबाकीवरचा विश्वास कमी होतो. अशा मातीत दोन्ही आकडे वेगवेगळे छापले पाहिजेत, एवढे माझे ठाम मत आहे.

आता 224 चा अर्थ. एकूण 6000 मायक्रोग्रॅम सेंद्रिय कर्बात तो 3.7 टक्के. वरच्या 15 सेंटिमीटर थराची घनता 1.3 धरली तर हेक्टरी सुमारे 437 किलो कर्ब सूक्ष्मजीवांच्या शरीरात आहे, आणि त्यांच्यात सात भाग कर्बाला एक भाग नत्र धरला तर हेक्टरी 62 किलोच्या आसपास नत्र. हा नत्र पिकाला उद्या मिळणारा नाही. तो पेशींत बांधलेला आहे आणि पेशी मरतात तसतसा सुटतो. खताच्या शिफारशीतून तो वजा करता येत नाही.

एकच आकडा घेऊन जमीन चांगली की वाईट हे सांगता येत नाही, कारण सर्व जमिनींना लागू पडेल अशी चांगली पातळी अस्तित्वात नाही. चिकणमातीच्या जमिनीत तो वाळूमिश्रित जमिनीपेक्षा वर असतो, आणि ऋतूबरोबरही बदलतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या सिंग व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये विंध्य भागातल्या कोरड्या वनांवर आणि गवताळ जमिनींवर दाखवले की जैवभार कोरड्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त असतो आणि पावसाळ्यात, झाडे जोमाने वाढत असताना, सर्वांत कमी. म्हणजे मे महिन्यात घेतलेला नमुना आणि ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना यांची तुलना करून जमीन सुधारली किंवा बिघडली असे म्हणणे चूक. तुलना करायची तर त्याच जमिनीत, त्याच हंगामात, जवळजवळ त्याच वापशाला.

मग ही पद्धत कामाची कुठे? जिथे शेजारी-शेजारी उपचार आहेत आणि वर्षानुवर्षे सारख्याच पद्धतीने मोजले आहे, तिथे. डेन्मार्कमध्ये अठरा वर्षे धान्याचे काड जमिनीत गाडलेल्या आणि जाळलेल्या भागांची तुलना पाउल्सन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केली. काड गाडल्याने एकूण सेंद्रिय कर्ब जेमतेम 5 टक्क्यांनी वाढला होता, आणि एवढा बदल एकूण कर्बाच्या मोजमापात सहज दडून राहतो. सूक्ष्मजीव कर्ब मात्र 40 टक्क्यांच्या आसपास वाढलेला होता. त्याच्या उलट बाजूला इंग्लंडमधल्या वोबर्नचा प्रयोग आहे. तिथे 1942 ते 1961 दरम्यान जड धातू असलेला सांडपाण्याचा गाळ टाकला होता. गाळ थांबवून वीसेक वर्षे झाल्यावर ब्रुक्स आणि मॅकग्रा यांनी मोजले, तेव्हा त्या वाफ्यांतला जैवभार शेजारच्या वाफ्यांच्या सुमारे निम्मा होता. शहरालगतच्या शेतात गाळ किंवा कचराखत टाकण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे असे काम करायला जागा आहेत. अकोल्यातल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून ज्वारी-गहू पीकपद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. खत न घातलेला, फक्त रासायनिक खत घातलेला आणि शेणखतासह रासायनिक खत घातलेला वाफा एकाच जमिनीत शेजारी मिळणे ही संपत्ती आहे. अशा वाफ्यांवर जैवभार आणि जैवभाराचे सेंद्रिय कर्बाशी असलेले प्रमाण सलग काही वर्षे मोजले, तर भारी काळ्या जमिनीसाठी आपला स्वतःचा संदर्भ तयार होईल. रोथॅमस्टेडच्या समशीतोष्ण जमिनींवर ठरलेला गुणक इथे कितपत चालतो, हेही त्याच वाफ्यांवर तपासता येईल.

या पुस्तकात पद्धतीची बाजू आणि अर्थ लावण्याची बाजू मुद्दाम एकत्र ठेवली आहे. प्रयोगशाळेत काम करणारा एक आणि आकडे वाचणारा दुसरा, अशी वाटणी झाली की चुका दोघांनाही दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक टप्प्यावर, तो टप्पा बिघडला तर अंतिम आकड्यात काय दिसेल, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे. भातखाचर, कोकणातली जांभी आम्ल जमीन, मुळांनी भरलेली गवताळ जमीन अशा अडचणीच्या मातींना जास्त पाने दिली आहेत. क्लोरोफॉर्म जिवंत मुळांच्या पेशीही फोडते आणि त्यांचा कर्ब सूक्ष्मजीवांच्या खात्यात जातो, म्हणून गवताळ जमिनीत मुळे आधी वेगळी काढावी लागतात. फॉस्फोलिपिड आणि डीएनए यांचा विचार या पुस्तकात फक्त तुलनेपुरता आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या प्रबंधात किंवा अहवालात जैवभाराचा आकडा लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी नमुना घेतल्याचा महिना, मातीचा ओलावा, बिनधुरीचा आकडा, कर्ब मोजण्याची पद्धत आणि वापरलेला kEC एवढे अवश्य लिहा. आणि दुसऱ्याच्या तक्त्यात हे सापडले नाही, तर तो आकडा आपल्या तक्त्यात तुलनेला घेऊ नका.